सातवी मेल

त्या रात्री सातवी मेल लिहून तयार होती, फक्त पाठवायची राहिली होती. तिच्यात आठ मुद्दे होते. आधीच्या सहा मेलमधली वाक्यं तारखांसह उतरवली होती आणि शेवटी कायद्याचं एक कलम होतं. लिहून झाल्यावर आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती.

बाभुळगावात आमचं लहानसं जिनिंग-प्रेसिंग आहे. अब्बांनी सुरू केलेलं. कापसाची खरेदी आणि मशीन अजून तेच बघतात. हिशेब, बँक आणि पत्रव्यवहार आम्हा नवरा-बायकोकडे. एक जण बोलतो, दुसरी टाइप करते. म्हणून इथे सगळं ‘आम्ही’ असंच लिहितो. कोणतं वाक्य कोणाचं होतं यावरून घरात पुन्हा वाद नको.

दोन हंगामांपूर्वी जानेवारीत कोइमतूरच्या बाजूच्या एका सूतगिरणीला आम्ही शंभर गाठी रुई पाठवली. गाठ साधारण १६५ किलोची, म्हणजे एका ट्रकात साडेसोळा टन माल. रुईचा भाव खंडीवर ठरतो आणि खंडी ३५६ किलोची, त्यामुळे माल सेहेचाळीस खंडींहून थोडा जास्त भरला. भाव ५५,००० रुपये खंडी. सगळे मिळून साडेपंचवीस लाखांच्या घरात. ऐंशी टक्के रक्कम माल पोहोचल्यावर आणि उरलेली वीस टक्के गिरणीच्या तपासणीनंतर, असा सौदा होता. ती वीस टक्के म्हणजे पाच लाख दहा हजार. एका ट्रकमागे चाळीसेक हजार सुटले तर हंगाम बरा गेला असं आम्ही म्हणतो. म्हणजे बारा ट्रकांची कमाई त्या वीस टक्क्यांत अडकली होती, आणि दारात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या.

माल पोहोचल्यावर चौथ्या दिवशी गिरणीची पहिली मेल आली. सौद्यात ओलावा ८.५ टक्के ठरला होता, आमच्या प्रयोगशाळेत तो १०.४ भरला, सबब पुढील रक्कम रोखत आहोत. आम्ही तासाभरात उत्तर दिलं: ट्रक भरताना आम्ही मीटरने ओलावा मोजला, तो ८.४ होता, नोंद सोबत जोडली आहे. त्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल जोडला. आम्ही मीटरचा फोटो जोडला. चौथ्या मेलमध्ये त्यांनी मागणीच घातली: जास्तीच्या १.९ टक्के पाण्याचं वजन कापणार, वर दर्जासाठी खंडीमागे दोन हजार, एकूण एक लाख एक्केचाळीस हजार. पाचव्या मेलमध्ये आम्ही लिहिलं की वाटेत पाऊस झाल्याचं ड्रायव्हर सांगतो, तेव्हा माल आमच्या दारातून कोरडाच निघाला होता. सहाव्या मेलमध्ये त्यांचे दोन नवे साहेब प्रतीसाठी जोडले गेले. त्यांपैकी एक कायदेविभागाचे होते.

सातव्या मेलसाठी आम्ही यवतमाळच्या आमच्या सीएंना विचारलं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि लेखी करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. आम्ही ते कलम मेलच्या तळाशी ठळक अक्षरांत घातलं.

अब्बा इशाच्या नमाजहून आले तेव्हा आम्ही संगणकापुढेच होतो. त्यांनी जोडे काढता काढता सांगितलं, “वाचून दाखवा. मराठीत.”

आम्ही वाचायला लागलो. इंग्रजीत जे वाक्य फार सभ्य वाटत होतं, “आपल्या निदर्शनास पुन्हा एकदा आणून देऊ इच्छितो की”, ते मराठीत मोठ्याने वाचलं तर “कितीदा सांगू, कळत नाही का?” असंच ऐकू येत होतं. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत आमचा आवाज खाली आला. व्याजाच्या कलमाशी अब्बांनी थांबवलं. “हे व्याज मिळालं तर तुम्ही घेणार आहात का?” आम्ही नाही म्हटलं. आमच्या घरात ते घेतलं जात नाही. “मग जे घ्यायचंच नाही ते मागायचं कशाला? नुसतं भेडसावायला?” मग त्यांनी असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. “तिकडच्या माणसाचा आवाज कसा आहे?”

सहा मेल झाल्या होत्या, आणि आम्ही त्या माणसाशी एकदाही बोललो नव्हतो. सौदा दलालामार्फत झाला होता.

त्या रात्री सहाही मेल कागदावर काढून आम्ही पहिल्यापासून वाचल्या. पहिल्या दोन मेलमध्ये काही ना काही नवी माहिती होती. तिसरीपासून पुढे एकही नवा आकडा आला नव्हता, तेच ८.४ आणि तेच १०.४, फक्त विशेषणं वाढत गेली होती. दुसरी गोष्ट, चौथ्या मेलपासून दोन्हीकडची वाक्यं समोरच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ती उद्या फाइल उघडणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी होती. प्रतीच्या यादीत नवी नावं येऊ लागली की असं होतं: समोरच्याला आपल्या साहेबांदेखत माघार घेता येत नाही, आपल्यालाही येत नाही. आणि सहा मेलमध्ये कोणी कोणाला एकही खरा प्रश्न विचारला नव्हता. प्रश्नचिन्हं होती, पण “हे आपण कोणत्या आधारावर म्हणता?” अशी. उत्तर नको असलेली.

पहिली मेल आम्ही चुकीची वाचली होती, हेही तेव्हाच लक्षात आलं. त्याच कायद्यात असं आहे की माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे गिरणीला लिहिणं भागच होतं. ती कार्यालयाची नोंद होती. आम्ही तिला इल्जाम समजून तासाभरात फणफणत उत्तर दिलं होतं.

मेलमधला सूर कळण्याबद्दल अमेरिकेतल्या जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांचा २००५ मधला एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने कळवायला सांगितली, काही मेलने आणि काही आवाजाने. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की शंभरातल्या जवळपास अठ्ठ्याहत्तर वेळा आपला सूर समोरच्याला बरोबर कळेल. आवाजात तो बऱ्याच अंशी तसा कळलाही. मेलमध्ये मात्र जेमतेम छप्पन्न वेळा कळला, म्हणजे नाणं उडवून सांगण्यापेक्षा थोडंसंच बरं. आम्ही तर परक्या भाषेत, परक्या माणसाला, रागात लिहीत होतो.

फोन करायचा ठरला, पण लगेच उचलून केला नाही. रात्री दहाला रागात केलेला फोन मेलपेक्षा वाईट, हे आम्ही आधी भोगलेलं होतं. एका यंत्रविक्रेत्याशी एकदा असंच बोलणं झालं आणि त्यानंतर दोन वर्षं सुटे भाग दुसरीकडून आणावे लागले. मेल पाठवण्याआधी खोडता तरी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या खरेदी अधिकाऱ्यांना आम्ही छोटा निरोप पाठवला: वाद घालायचा नाही, आकडा समजून घ्यायचा आहे; प्रयोगशाळेतल्या साहेबांसह दहा मिनिटं कधी मिळतील? त्यांनी साडेअकराची वेळ दिली. प्रयोगशाळेतला माणूस फोनवर असावा हे महत्त्वाचं होतं, कारण सहा मेलमध्ये त्याचा अहवाल सगळीकडे होता आणि तो स्वतः कुठेच नव्हता. कागदावर तीन प्रश्न लिहून ठेवले. नमुना किती गाठींतून घेतला? ओलावा कसा मोजला? माल उतरल्यापासून तपासणीपर्यंत गाठी कुठे होत्या? पैसे कधी देता, हा प्रश्न मुद्दाम लिहिला नाही. तो निघाला असता तर खरेदी अधिकारी बोलले असते आणि प्रयोगशाळेतला माणूस गप्प झाला असता.

भाषेची भीती होती. त्यांचं हिंदी तोडकं, आमचं इंग्रजी लिहिण्यापुरतं, तमिळचा तर प्रश्नच नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगितलं की आम्ही हळू बोलू, आणि आकडा आला की तो बोलता बोलताच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकूया. ही युक्ती फार कामी आली. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत हजारो रुपये बुडू शकतात.

नमुना शंभरही गाठींतून थोडा थोडा घेऊन एकत्र केला होता. दुसऱ्या प्रश्नावर प्रयोगशाळेतल्या साहेबांना जरा नवल वाटलं असावं. त्यांच्या दृष्टीने तो शाळकरी प्रश्न होता. त्यांनी सविस्तर सांगितलं. ५५.२ ग्रॅम रुई घेतली, भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवली, ५० ग्रॅम उरली. ५.२ ग्रॅम पाणी गेलं. ५० वर ५.२, म्हणजे १०.४ टक्के.

आम्ही इकडे कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. आमच्याकडे ९.४ येत होते. पुन्हा केलं, पुन्हा ९.४. भीतभीत विचारलं, “सर, भागाकार ५० ने की ५५.२ ने?”

थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ते हसले.

कापसाचा ओलावा दोन तऱ्हांनी सांगतात. पाण्याचं वजन वाळलेल्या रुईच्या तुलनेत सांगितलं तर एक आकडा येतो, ओल्या म्हणजे आहे तशा रुईच्या तुलनेत सांगितलं तर दुसरा. शंभर किलो रुईत ९ किलो पाणी असेल तर आमचा मीटर ९ दाखवेल. पण ती रुई वाळवली की ९१ किलो उरते, आणि ९१ वर ९ म्हणजे ९.९. रुई तीच, पाणीही तेवढंच. सूतगिरण्यांच्या प्रयोगशाळा सवयीने वाळलेल्या वजनावर बोलतात आणि आमच्या दारातले मीटर ओल्या वजनावर. सौद्याच्या कागदावर नुसतं ‘ओलावा ८.५’ होतं. दोघेही खरं सांगत होतो आणि सहा मेल एकमेकांना खोटं ठरवत होतो. तो अडाणी प्रश्न मेलमध्ये आम्ही कधीच लिहिला नसता. साहेब आणि कायदेविभाग वाचत असताना आपलं अज्ञान कोण लिहून देतो?

दोन टक्क्यांचा फरक एका फोनमध्ये एक टक्क्यावर आला. त्यांचे ९.४, आमचे ८.४. खरेदी अधिकाऱ्यांचा सूरही बदलला होता. फोन ठेवण्याआधी प्रयोगशाळेतले साहेब सहज बोलून गेले: “काही नमुने मात्र हाताला जड लागले. सगळे नाहीत.” अहवालात लिहिण्यासारखं ते वाक्य नव्हतं. ‘हाताला जड’ याला कोणता रकाना असतो? पण आमच्या पोटात गोळा आला, कारण रुईत हात घालून वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो.

उरलेल्या एका टक्क्यासाठी फोन पुरणार नव्हता. ते म्हणाले असते गाठी ओल्या आहेत, आम्ही म्हटलं असतं नाहीत. व्हिडिओ कॉलचा विचार केला. पण पडद्यावर मीटरचा आकडा दिसतो, सुई कोणत्या गाठीत आणि किती खोल गेली आहे ते दिसत नाही. मनात किंतु राहिलाच असता. जी गोष्ट दोघांनी एकाच वेळी हात लावून पाहायला हवी, तिच्यासाठी जावं लागतं. खर्चाचा हिशेबही केला. रेल्वे, मुक्काम आणि हंगामातले चार दिवस धरले तर आमच्यासाठी ती मोठीच गोष्ट होती. भांडण वीस हजारांचं असतं तर गेलो नसतो, फोनवरच अर्ध्यावर मिटवलं असतं. मुलांना फुफूकडे ठेवलं आणि नागपूरहून गाडी धरली.

गिरणीच्या गोदामात आमच्या शंभर गाठी वेगळ्या लावून ठेवल्या होत्या. त्यांचा मीटर आणि आमचा मीटर आधी एकाच गाठीत घालून पाहिले. दोन्ही जवळपास सारखे बोलत होते. मग एकेक गाठ. या कामाला अर्धा दिवस गेला. अठ्ठ्याऐंशी गाठींत ओलावा साडेआठच्या आसपास. बारा गाठींत मात्र पंधराच्या घरात. सरासरी काढली की ९.४ च्या जवळपास येते. अहवालातल्या एका सरासरीने या बारा गाठी झाकल्या होत्या.

प्रत्येक गाठीवर प्रेसचा अनुक्रमांक असतो. त्या बारा गाठी गोदामात इकडेतिकडे होत्या, पण क्रमांक लिहून काढले तर सलग निघाले, ४१२ ते ४२३. पाऊस क्रमांक बघून पडत नाही. वाटेत ताडपत्री फाटली असती तर कडेच्या आणि वरच्या गाठी भिजल्या असत्या, कोणत्याही क्रमांकाच्या. सलग बारा म्हणजे एका संध्याकाळचं, एका प्रेसवरचं काम.

तिथूनच अब्बांना फोन लावला. त्यांनी प्रेसचं रजिस्टर उघडलं. त्या संध्याकाळी फवारणीची नळी बिघडली होती. रुई फार सुकी असली की ती दबत नाही, उडते, म्हणून प्रेसआधी पाण्याची बारीक वाफाळ फवारणी देतात. ते सगळीकडे चालतं. त्या दिवशी तोटी तुटली आणि कामगाराने साधा पाइप धरला. दोन तासांत बारा गाठी निघाल्या. ट्रक भरताना आमच्या माणसाने समोरच्या रांगेतल्या दहा गाठी मोजल्या, त्या कोरड्या निघाल्या. म्हणजे ८.४ हा आकडा खोटा नव्हता. पुरता मात्र नव्हता.

खरेदी अधिकारी शेजारीच उभे होते. त्यांना हिंदी कळत होतं, पण आम्ही घरच्या बोलीत बोलत होतो. त्यांनी विचारलं, “पावसाचं काय ठरलं मग?” पाचवी मेल आमचीच होती. ड्रायव्हर पाऊस झाल्याचं म्हणाला होता, ते खरंही होतं. तेवढ्यावर निभावून नेता आलं असतं.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. त्या धान्यवाल्याचं उत्तरही पावसाचंच होतं. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्याला विचारण्यात आलं. ही हदीस घरी अनेकदा वाचलेली होती. पण त्यातला धान्यवाला कसा उभा असेल, हे त्या गोदामात समजलं. मेल लिहिताना ‘ड्रायव्हर सांगतो की’ हे शब्द आमच्या बोटांतून सहज गेले होते. ओल्या गाठीवर हात असताना आणि समोर माणूस असताना ते तोंडातून निघेनात. आम्ही तोटीची गोष्ट सांगून टाकली.

त्यांना राग आला नाही असं नाही. पण वाद दहा मिनिटांत आकड्यांवर आला. अठ्ठ्याऐंशी गाठींना पूर्ण भाव. बारा गाठींचं साडेसहा टक्के जास्तीचं पाणी, म्हणजे सुमारे १२९ किलो, त्याचे वीस हजारांच्या आतबाहेर. शिवाय त्या बारा गाठी वाळवून वेगळ्या वापराव्या लागणार म्हणून त्यांवर खंडीमागे हजार रुपये. सगळे मिळून साडेपंचवीस हजारांपर्यंत गेलं. एक लाख एक्केचाळीस हजारांची मागणी तिथे संपली. बाकीचे पैसे आठ दिवसांत.

चहा झाला, आणि आम्ही पुन्हा मेलकडे वळलो. बोलण्याने सुटलेली गोष्ट बोलण्यावरच सोडली तर महिन्याभराने दोघांच्या आठवणी वेगळ्या होतात, आणि माणूस बदलला तर आठवणही उरत नाही. पवित्र कुरआनात सर्वांत मोठी आयत सूरह अल्-बकरातली २८२ वी आहे, आणि ती नमाज-रोज्याबद्दल नसून मुदतीचं देणं लिहून ठेवण्याबद्दल आहे. तिच्यात एक बारकावा आहे जो आम्हाला त्या दिवशी उपयोगी पडला: मजकूर ज्याच्यावर देणं आहे त्याने सांगायचा. आम्ही तसंच केलं. कपात आम्हाला मान्य आहे, किती आणि कशाबद्दल, हे आम्ही लिहिलं. उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत देणार हे त्यांनी लिहिलं. दोन्ही मेल चार-चार ओळींच्या, आणि निघण्याआधी तिथेच बसून पाठवल्या. प्रतीच्या यादीत तेच साहेब होते. या वेळी त्यांनी वाचावं अशीच आमची इच्छा होती.

एवढ्यावरून आम्ही आता सगळं फोनवर करतो असं कोणी समजू नये. भाव, वजन, तारीख, कोणाचं भाडं, हे लेखीच. कोणी फोन करून “एवढं सांभाळून घ्या, लिहायला नको” असं म्हणालं तर आम्ही गोड बोलतो आणि मेल मागतो. ज्याला आपला शब्द फोनवर वळवायची हातोटी आहे, त्याच्याशीही लिहूनच बोललेलं बरं. आणि समोरचा माणूस मेलमध्ये अजून नवी माहिती देत असेल, आपले प्रश्न विचारत असेल, तर सूर कितीही कोरडा असो, फोनची घाई करत नाही. तो त्याच्या पद्धतीने काम करतो आहे.

एका बाबतीत मात्र मेल कितीही गोड असली तरी फोन करतोच. मागच्या वर्षी एका जुन्या पुरवठादाराच्या नावाने मेल आली: आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचे पैसे नव्या खात्यात भरावेत. अक्षरं, शिक्का, सगळं त्यांच्यासारखं. आम्ही मेलमधल्या नंबरवर फोन केला नाही. आमच्या जुन्या वहीतल्या नंबरवर केला. त्यांना त्या मेलचा पत्ताच नव्हता.

तोटी बदलली आहे, आणि ट्रक भरताना आता समोरच्या दहा गाठी न मोजता प्रत्येक प्रेसपाळीतल्या दोन गाठी मोजतो. त्या गिरणीला यंदा तीन ट्रक गेले. सौद्याच्या कागदावर आम्ही आता ‘ओलावा ८.५ टक्के, ओल्या वजनावर’ असं लिहितो. दलाल हसतो, म्हणतो एवढं कोणी लिहीत नाही. सातवी मेल अजून ड्राफ्टमध्ये पडून आहे, आठही मुद्द्यांसकट.